राजीनाम्याची तारीख: नाशिकच्या एका आयसीयू सिस्टरचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका खाजगी रुग्णालयातलं आहे. सिस्टरचं नाव बदललं आहे, रुग्णालयाचं नाव दिलेलं नाही. मी बरीच वर्षं दुसऱ्या एका रुग्णालयात मेट्रन होते आणि आता निवृत्त आहे. राजीनाम्याचा पहिला मसुदा तिने मला दाखवला, तेव्हापासून शेवटचा चेक हातात पडेपर्यंतची कागदपत्रं मी पाहिली आहेत. नोकरी सोडून शिकायला जाणाऱ्या सिस्टरला बहुतेक वेळा पत्रातल्या वाक्यांची काळजी असते. या प्रकरणात वाक्यांपेक्षा तारीख महत्त्वाची ठरली, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

## पार्श्वभूमी

तिला सुनीता म्हणू. दिंडोरी तालुक्यातली, घरची थोडी द्राक्षबाग. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर मुंबई नाक्याजवळच्या शंभरेक खाटांच्या रुग्णालयात ती 2 डिसेंबरला स्टाफ नर्स म्हणून लागली. पहिले काही महिने जनरल वॉर्ड, मग सलग आयसीयू. प्रकरण घडलं तेव्हा तिचं नोकरीचं पाचवं वर्ष चालू होतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीने सांभाळणाऱ्या ज्या चार-पाच सिस्टर्सवर मेट्रनची रोस्टर उभी असते, त्यांतली ती एक.

तिला एम.एस्सी. नर्सिंग करायचं होतं, विषय मेडिकल सर्जिकल. पुढे कॉलेजात शिकवायचं मनात होतं. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांप्रमाणे या प्रवेशाला नोंदणीकृत परिचारिका असणं, बी.एस्सी.ला किमान 55 टक्के आणि बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. तिन्ही तिच्याकडे होतं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ. नोकरी चालू ठेवून तो करता येत नाही, त्यामुळे 'ड्युटी सांभाळून शिक' हा घरच्यांचा सल्ला पहिल्याच दिवशी बाद झाला.

नेमणूकपत्रातलं कलम सरळ होतं: सोडताना 60 दिवसांची लेखी सूचना, किंवा जितके दिवस कमी पडतील तितक्या दिवसांचा पूर्ण पगार. आणखी एक ओळ होती: नोटिशीच्या काळात रजा मिळणार नाही. पत्रात न लिहिलेली एक गोष्टही होती. रुजू होताना एचआरने तिच्या मूळ गुणपत्रिका आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं मूळ नोंदणी प्रमाणपत्र 'पडताळणीसाठी' घेतलं होतं आणि ते फाइलमध्येच राहिलं होतं. बऱ्याच ठिकाणी असं होतं, आणि पहिल्या नोकरीच्या आनंदात कुणी विचारत नाही.

## अडचण

जून महिना उजाडला तेव्हा तिची प्रवेश परीक्षा झाली होती आणि गुण बरे होते. पण जागा कुठे मिळेल, मिळेल की नाही, हे प्रवेश फेरीची यादी लागल्याशिवाय कळणार नव्हतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये, म्हसरूळला असलं तरी प्रवेश राज्यभरातून गुणवत्तेने आणि प्रवर्गाने होतात. नाशिककराला नाशिक मिळेलच असं काही नाही.

यादी ऑगस्टच्या मध्याला अपेक्षित होती. यादी लागल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात आणि त्या दिवसांत मूळ कागदपत्रं आणि फी दोन्ही द्यावी लागतात. एका बाजूला साठ दिवसांची नोटीस आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच दिवसांची हजेरी. यादी लागल्यावर राजीनामा दिला तर नोटीस पुरी होत नाही. यादीआधी दिला आणि जागा मिळाली नाही तर नोकरीही जाते.

तिसरी गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती. ती म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मालकाने द्यायची रक्कम.

## पहिला मसुदा

तिने आणलेला मसुदा 10 जूनचा होता. मैत्रिणीच्या फोनमधून आलेला नमुना, त्यात स्वतःची भर. त्यातली तीन वाक्यं इथे देते, कारण अशीच वाक्यं मी कित्येक पत्रांत वाचली आहेत.

'एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्यास मी नोकरी सोडू इच्छिते.' हे राजीनाम्याचं वाक्यच नाही, ही इच्छा झाली. अटीवर दिलेल्या राजीनाम्यात नोटीस कधी सुरू झाली हे ठरत नाही. उद्या एचआर म्हणू शकतं की तुमची नोटीस प्रवेश मिळाला त्या दिवसापासून मोजू.

'कृपया मला लवकरात लवकर मुक्त करावे.' या वाक्याने शेवटचा दिवस ठरवण्याचा हक्क तिने समोरच्याला देऊन टाकला होता. रुग्णालयाने तिला आठ दिवसांत सोडलं असतं तरी बोलायला जागा नव्हती, आणि ते आठ दिवस तिला किती महाग पडले असते ते पुढे येईलच.

तिसरं वाक्य लांबलचक होतं. सलग नाइट, कोविडच्या काळात जाहीर होऊन कधीच न मिळालेला भत्ता, एका कन्सल्टंटने सगळ्यांसमोर केलेला अपमान. सगळं खरं होतं. तरी मी ते काढायला सांगितलं. तक्रार खोटी होती म्हणून नाही. राजीनाम्याचं पत्र पुढची वीस वर्षं फाइलमध्ये राहतं, आणि नवीन कॉलेजने किंवा पुढच्या रुग्णालयाने चौकशी केली की तेच पान उघडलं जातं. भत्त्याची तक्रार वेगळ्या पत्रात, तारखा आणि रक्कम घालून करता येते. तिथे त्या तक्रारीला उत्तर तरी द्यावं लागतं. राजीनाम्यात घातली की ती फक्त राग म्हणून वाचली जाते.

मसुद्यात कागदपत्रांचा उल्लेखच नव्हता.

## तारखेचं गणित

10 जूनला पत्र दिलं असतं तर साठावा दिवस 9 ऑगस्ट. ती म्हणाली, 'बरोबर आहे ना मॅडम, यादीच्या आधी मोकळी होते.' मी तिला रुजू झाल्याची तारीख विचारली आणि कॅलेंडर काढलं.

ग्रॅच्युइटी कायदा 1972 चा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला तो लागू होता, म्हणजे या रुग्णालयालाही. त्यात पाच वर्षांची अखंड सेवा लागायची, आणि 'पाच वर्षं पुरी नाहीत म्हणजे काही नाही' असं सगळे धरून चालतात. पण त्याच कायद्याच्या कलम 2अ मध्ये एका वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर ते वर्ष अखंड सेवेचं मानलं जायचं. याचा आधार घेऊन मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात 240 दिवस झालेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी देय असल्याचं म्हटलं आहे. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण मागणीला आधार म्हणून चालतो आणि मालकाचा वकीलही तो ओळखतो.

सुनीताचं पाचवं वर्ष 2 डिसेंबरला सुरू झालं. 9 ऑगस्टपर्यंत कॅलेंडरचे 251 दिवस होत होते. त्या वर्षात तिची 14 दिवसांची बिनपगारी रजा लागली होती, काही आईच्या ऑपरेशनसाठी, काही परीक्षेसाठी. ती वजा केली की उरतात 237. म्हणजे तीन दिवस कमी.

इथे साप्ताहिक सुटीचा प्रश्न येतो. 'प्रत्यक्ष काम' म्हटल्यावर एचआर आठवड्याचे ऑफ वजा करायला बघतं. औद्योगिक विवाद कायद्यातल्या अशाच 240 दिवसांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या धरायच्या. तिचा पगार मासिक होता, ऑफ पगारीच होते. त्यामुळे ऑफ धरले, बिनपगारी दिवस सोडले.

रक्कम किती? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये. सूत्र असं: त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं, म्हणजे वर्षाला 9,000. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेलं शेवटचं अपुरं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून पाच वर्षांचे 45,000. मोठ्या पगाराच्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. तिच्यासाठी वसतिगृहाचे कितीतरी महिने त्यात निघत होते.

## कोणते पर्याय होते

पहिला: यादीची वाट पाहायची, जागा मिळाली की राजीनामा द्यायचा आणि उरलेल्या नोटिशीचे पैसे भरायचे. तिचा हातात येणारा पगार 26,000 होता. दोन महिन्यांचे 52,000 भरून जाणं तिला शक्य नव्हतं, आणि वरून ग्रॅच्युइटीचं भांडण तेव्हाच्या गडबडीत करावं लागलं असतं. तरी ज्यांच्या घरी पैशाची सोय आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे, हे मान्य करायला हवं.

दुसरा: काही न सांगता कॉलेजला निघून जायचं. असं करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. रुग्णालय रजिस्टरला 'गैरहजर' लिहितं, रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि दोन वर्षांनी ट्यूटरच्या जागेसाठी अर्ज करताना इतक्या वर्षांचा आयसीयू अनुभव कागदावर सिद्ध करता येत नाही. शिवाय तिची मूळ कागदपत्रं त्यांच्याच कपाटात होती. हा पर्याय चर्चेत आला आणि गेला.

तिसरा: शिक्षणासाठी रजा. सरकारी सेवेत अध्ययन रजेची तरतूद आहे. खाजगीत नेमणूकपत्रात असेल तरच. तिने मेट्रनना विचारलं. त्यांनी व्यवस्थापनाला विचारते म्हटलं, आणि उत्तर नाही असं आलं. आलं ते बरंच झालं. दोन वर्षांची बिनपगारी रजा कागदावर घेतली असती तर परत येण्याचं बंधनही आलं असतं.

चौथा: पुढची तारीख घालून आताच राजीनामा द्यायचा, तारीख अशी निवडायची की नोटीस, यादी आणि 240 दिवस तिन्ही त्यात बसतील. 21 जूनला पत्र दिलं तर साठावा दिवस 20 ऑगस्ट. त्या दिवसापर्यंत 262 दिवस होतात, 14 गेले की 248. आठ दिवसांची उसंत. यादीही त्याआधी लागण्याची शक्यता होती आणि वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीला.

चौथ्या पर्यायात एकच मोठा धोका: जागा मिळाली नाही तर? पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये गोपालचंद्र मिश्र प्रकरणात म्हटलं आहे. पण ते प्रकरण एका न्यायाधीशाच्या पदाचं होतं. खाजगी रुग्णालयात जागा भरून झाली की कोर्टाचा कागद दाखवून कुणी ड्युटीवर घेत नाही. म्हणून मी तिला म्हटलं, कायद्याच्या भरवशावर राहू नकोस, मेट्रनच्या शब्दाच्या भरवशावर रहा, आणि तो शब्द लेखी घे.

## मेट्रनशी बोलणं

पत्र देण्याआधी मेट्रनना भेटायचं की थेट एचआरला मेल करायचा, यावर तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं एकमत नव्हतं. मैत्रिणींचं म्हणणं, आधी सांगितलं की वाईट ड्युट्या लागतात. ते खोटं नाही. पण मेट्रनला आपली आयसीयूची सिस्टर जाते आहे हे एचआरच्या मेलमधून कळलं, तर पुढचे साठ दिवस कुणीच तुमच्या बाजूने नसतं.

ती भेटली. मेट्रन आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'अगं, दोघी आखातात चालल्यात, तू पण? पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की मी काय करू? दिवाळीपर्यंत थांब.' मागणी अवाजवी नव्हती. नाशिकमध्ये ऑगस्टपासून आयसीयूचे बेड कसे भरतात ते मला माहीत आहे. पण दिवाळीपर्यंत थांबणं म्हणजे एक शैक्षणिक वर्ष सोडणं.

सुनीताने तारीख हलवली नाही, त्याऐवजी काम देऊ केलं. जुलैपासून दोन ज्युनिअर सिस्टर्सना आपल्या ड्युटीवर लावा, मी त्यांना व्हेंटिलेटरचे अलार्म, रक्तातल्या वायूंच्या एबीजी चाचणीचं सॅम्पल आणि रिपोर्ट, इन्फ्युजन पंपाचे डोस, हे सगळं बेडवर शिकवते. मेट्रनना हे पटलं. त्यांनी मेलवर दोन ओळी लिहिल्या: पत्र स्वीकारून पुढे पाठवत आहे; प्रवेश न मिळाल्यास आणि 10 ऑगस्टपूर्वी कळवल्यास राजीनामा मागे घेण्याची विनंती मी मांडीन. 'मांडीन' एवढंच. त्यापेक्षा जास्त लिहिण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि त्यांनी तसा आव आणला नाही. तरी यादी 10 ऑगस्टनंतर लागू शकते हे दोघींनाही दिसत होतं. त्या चार-पाच दिवसांचा धोका सुनीताने जाणूनबुजून पत्करला.

## दिलेलं पत्र

शेवटी गेलेलं पत्र असं होतं:

*दिनांक 21 जून*

*प्रति, वैद्यकीय संचालक*
*मार्फत: मेट्रन*

*विषय: स्टाफ नर्स पदाचा राजीनामा, शेवटचा कामाचा दिवस 20 ऑगस्ट*

*महोदय,*

*मी 2 डिसेंबरपासून आपल्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून कार्यरत असून सध्या अतिदक्षता विभागात आहे. एम.एस्सी. नर्सिंगचे पूर्णवेळ शिक्षण घेण्यासाठी मी या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार 60 दिवसांची सूचना आजपासून देत असून 20 ऑगस्ट हा माझा शेवटचा कामाचा दिवस असेल.*

*प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणीसाठी मला पुढील गोष्टी 31 जुलैपर्यंत मिळाव्यात, ही विनंती: आजपर्यंतच्या सेवेचा दाखला, आणि रुजू होताना आपल्याकडे दिलेल्या मूळ गुणपत्रिका व महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र. रिलीव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र आणि अंतिम हिशेब शेवटच्या दिवसानंतर नियमानुसार मिळावा.*

*विभागाचा कार्यभार सोपवण्याचे नियोजन मेट्रन यांच्याशी चर्चा करून केले आहे. येथे मिळालेल्या अनुभवाबद्दल मी आभारी आहे.*

*आपली विश्वासू*

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक आवक शिक्क्यासह परत घेतली, आणि तीच प्रत स्कॅन करून एचआरला मेल केली. शिक्क्यावरची तारीख 21 जूनच आहे ना, हे तिने तिथेच उभं राहून पाहिलं. हे बारीक वाटतं, पण 'पत्र 24 ला मिळालं' असं म्हटलं गेलं असतं तर नोटीस 23 ऑगस्टला संपली असती.

सेवेचा दाखला आणि अनुभव प्रमाणपत्र वेगवेगळे मागितले, याकडे लक्ष द्यावं. अनुभव प्रमाणपत्र नोकरी सुटल्यावर मिळतं. पण प्रवेशाच्या पडताळणीला एक वर्षाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि ती पडताळणी नोकरी चालू असतानाच येते. 'अमुक तारखेपासून आजतागायत कार्यरत' असा दाखला त्या वेळी कामाला येतो. हे न कळल्यामुळे मुली रिलीव्हिंग लेटरसाठी अडून बसतात आणि पडताळणीची तारीख निघून जाते.

'ग्रॅच्युइटी' हा शब्द पत्रात नाही, तो मुद्दाम टाळला. साठ दिवस आधी तो शब्द दिसला असता तर कुणाला तरी तारीख अलीकडे आणण्याची कल्पना सुचली असती. नोटिशीचा पगार देऊन लवकर सोडायचा मार्ग मालकाकडेही असतो.

## नोटिशीचे साठ दिवस

सेवेचा दाखला जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. मूळ कागदपत्रं मिळाली नाहीत. एचआरचं उत्तर ठरलेलं: नो ड्यूज पूर्ण झाल्यावर. नो ड्यूज म्हणजे स्टोअर, फार्मसी, लिनन, मेडिकल रेकॉर्ड आणि आयकार्ड अशा सगळ्यांच्या सह्या, आणि त्या शेवटच्या दिवशी होतात.

गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र हे तिचे कागद. येणं वसूल करण्यासाठी ते तारण म्हणून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नेमणूकपत्रातही दिलेला नव्हता. ती भांडली नाही. 1 ऑगस्टला 21 जूनच्या पत्राचा संदर्भ देऊन एक छोटं स्मरणपत्र दिलं, मेट्रन आणि वैद्यकीय संचालक दोघांना प्रत.

12 ऑगस्टला संध्याकाळी यादी लागली. पुण्यातलं कॉलेज, हवा तो विषय. हजेरी 17 ऑगस्टपर्यंत, मधे 15 ऑगस्टची सुटी. 13 ला सकाळी ती यादीचं पान छापून थेट वैद्यकीय संचालकांच्या केबिनबाहेर बसली. आधीची दोन्ही पत्रं त्यांच्या फाइलमध्ये होती, त्यामुळे गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली नाही. 14 ला दुपारी कागदपत्रं पोचपावतीवर सही घेऊन परत मिळाली. 16 ला ऑफ बदलून घेऊन ती पुण्याला गेली, हजर झाली, रात्री परत नाशिकला आली आणि 17 ला ड्युटीवर उभी राहिली.

मधे जुलैत तिला तीन दिवस ताप आला होता. नोटिशीत रजा नाही, म्हणून ते बिनपगारी लागले. 248 चे 245 झाले. आठ दिवसांची उसंत ठेवली नसती, अगदी काठावर 240 धरली असती, तर इथेच सगळं संपलं असतं. एचआरने या तीन दिवसांसाठी शेवटचा दिवस 23 करायला सांगितलं. मेट्रननी मध्ये पडून 20 कायम ठेवला आणि तीन दिवसांचा नोटीस पगार कापायचं ठरलं.

हँडओव्हर मात्र मला आवडला. शेवटच्या आठवड्यात तिने क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, यादीप्रमाणे मोजून दिली. नार्कोटिक ड्रग्जच्या रजिस्टरमध्ये मॉर्फिन आणि फेंटानिलच्या शिल्लक अँप्युल्स येणाऱ्या सिस्टरसमोर मोजून दोघींच्या सह्या केल्या. रजिस्टरमध्ये जुनी एक तफावत निघाली, फुटलेल्या अँप्युलची नोंद राहिली होती. ती इन्चार्ज सिस्टरच्या सहीने त्याच दिवशी दुरुस्त करून घेतली. सुटून गेलेल्या सिस्टरच्या नावावर अशी तफावत टाकणं सोपं असतं, आणि ती तेव्हा उत्तर द्यायला हजर नसते.

## काय झालं

20 ऑगस्टला रिलीव्हिंग लेटर, आठ-दहा दिवसांनी अनुभव प्रमाणपत्र. त्यात 'आयसीयू' लिहिलेलं नव्हतं, फक्त 'स्टाफ नर्स'. ते दुरुस्त करून घ्यायला एक मेल पुरला. अंतिम पगार आणि शिल्लक रजेचे पैसे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आले. त्यात ग्रॅच्युइटी नव्हती.

तिने ग्रॅच्युइटीच्या मागणीचा फॉर्म आय भरून पाठवला. एचआरचं उत्तर एका ओळीचं: पाच वर्षं पूर्ण नाहीत. मग दुसरं पत्र गेलं. त्यात पाचव्या वर्षाचा महिनावार तक्ता, पगाराच्या पावत्यांवरून काढलेले बिनपगारी दिवस, शेवटी 245 चा आकडा, कलम 2अ चा उल्लेख, आणि पैसे न मिळाल्यास ग्रॅच्युइटी कायद्याखालच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करीन हे साध्या शब्दांत. रुग्णालयाने वकिलाला विचारलं असावं. डिसेंबरमध्ये 45,000 जमा झाले. तीस दिवसांच्या पुढे गेलेल्या विलंबाचं व्याज तिला मागता आलं असतं. तिने ते सोडलं. माझं मत वेगळं होतं, पण सहामाही परीक्षा तोंडावर होती.

कोविड भत्त्याबद्दल तिने वेगळं पत्र दिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

14 बिनपगारी दिवसांतले आईच्या ऑपरेशनचे दिवस खरं तर अर्जित रजेत बसले असते. तेव्हा तिच्या खात्यात 18 दिवस शिल्लक होते. अर्ज आधी मंजूर नव्हता म्हणून रोस्टर क्लार्कने बिनपगारी टाकले आणि तिने पगाराची पावती न बघता ठेवून दिली. त्याच महिन्यात दुरुस्ती मागितली असती तर तारखेची एवढी ओढाताण झाली नसती. राजीनामा ठरल्यावर, नोटीस देण्याआधीही ती मागता आली असती. आम्ही तिघींनी तो विचार केला, पण मेट्रन म्हणाल्या त्या क्लार्कला आता डिवचू नका. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आज वाटतं, मागून बघायला हवं होतं.

मूळ कागदपत्रं रुजू झाल्यावर पडताळणी होताच परत घ्यायची, नाहीच दिली तर निदान यादीसह पोचपावती घ्यायची. सुनीताकडे तीही नव्हती. रुग्णालयाने 'आमच्याकडे नाहीतच' म्हटलं असतं तर कौन्सिलकडून दुय्यम प्रत काढण्यात यादीची मुदत गेली असती.

10 ते 12 ऑगस्टचा धोका तसाच राहिला होता. मेट्रनच्या मेलमध्ये 10 ऐवजी 'शेवटच्या दिवसापूर्वी' असं लिहून मागायला हरकत नव्हती. त्या कदाचित नाही म्हणाल्या असत्या, कारण नवीन सिस्टरला ऑफर द्यायला त्यांना तारीख हवी होती.

रुग्णालयाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. एम.एस्सी.ला जाणाऱ्या सिस्टर्स दरवर्षी त्याच हंगामात जातात. मेट्रननी पुढच्या वर्षी मे महिन्यात आयसीयूच्या सगळ्यांना विचारून यादी केली, कोण परीक्षा देतंय, कोण बाहेर चाललंय. नावं सांगणाऱ्यांना नाइट जास्त लागणार नाहीत, असं त्यांना आधी जाहीर करावं लागलं, तेव्हा कुठे नावं आली.

आज हे पत्र लिहिणारीने एवढं लक्षात ठेवावं की 2025 च्या नोव्हेंबरपासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि वरचं 1972 च्या कायद्याचं गणित जुन्या चौकटीतलं आहे. वेतन संहितेत राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला सांगितलं आहे, आणि वेतनाची व्याख्या बदलल्यामुळे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवणाऱ्या ठिकाणी ग्रॅच्युइटीची रक्कम वाढू शकते. पत्र देण्याआधी पगाराची शेवटची पावती आणि पाचव्या वर्षाच्या बारा महिन्यांच्या पावत्या समोर ठेवून तारीख काढावी.